थंडीत विजेच्या गाडीची रेंज का घटते, आणि निघण्याआधी बॅटरी तापवल्याने नेमके काय साधते?

शुभदा, फोंडा

नमस्कार मंडळी. माझा मुलगा नोकरीनिमित्त ऑस्लोला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने तेथे एक जुनी विजेची गाडी विकत घेतली. तिची बॅटरी 64 युनिटची आहे. उन्हाळ्यात शंभर किलोमीटरला साधारण 15 युनिट लागत होते, म्हणजे पूर्ण चार्जवर चारशेच्या वर किलोमीटर सहज मिळत. आता तेथे उणे आठ अंश तापमान आहे, गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते, आणि घरापासून कार्यालयापर्यंतच्या 14 किलोमीटरच्या प्रवासात पडद्यावर शंभर किलोमीटरला 31 युनिट असा आकडा दिसतो. या हिशेबाने रेंज निम्मी झाली आहे.

गाडी जुनी घेतलेली असल्याने बॅटरी आधीच खराब झालेली असावी, अशी त्याला शंका आहे. कार्यालयातील सहकारी त्याला सांगतात की गाडी चार्जरला जोडलेली असतानाच बॅटरी आणि आतील हवा तापवून मग निघावे. माझे दोन प्रश्न आहेत. बॅटरी खरोखर खराब आहे की नाही हे कसे ओळखावे? आणि अशा तापवण्याने प्रत्यक्ष बचत होते, की खर्च फक्त गाडीच्या बॅटरीवरून घरच्या वीजबिलावर सरकतो? तो दूर असल्यामुळे मला स्वतःला हे नीट समजून घ्यायचे आहे, म्हणजे त्याच्याशी फोनवर बोलताना उपयोगी काही सांगता येईल.

गुरुदास, म्हापसा

शुभदाताई, मी स्वतः विजेची गाडी चालवतो आणि या विषयावर बरेच वाचले आहे. थंडीत बॅटरीतील द्रव गोठतो, त्यामुळे तिची क्षमताच निम्म्यावर येते. गाडी तापवली की गोठलेला भाग पुन्हा मोकळा होतो आणि रेंज पूर्ण परत मिळते. यासाठी वेगळा हीटर चालवण्याचीही गरज नाही. चार्जिंग अशा वेळेला लावावे की ते निघण्याच्या क्षणी संपेल, कारण चार्ज होताना बॅटरी आपोआप तापते. मुलाला एवढे एकच करायला सांगा, प्रश्न सुटेल.

अनंत, साखळी

शुभदाताई, मी पुण्यात बरीच वर्षे बॅटऱ्यांच्या चाचणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गुरुदासरावांच्या म्हणण्यात काही भाग बरोबर आहे, पण मूळ कारण त्यांनी जेथे ठेवले आहे तेथे ते नाही.

आधी बॅटरीचे पाहू. आमच्या साखळीला जानेवारीच्या पहाटे खोबरेल तेल बाटलीत दाट होते, तसाच बॅटरीतील द्रव थंडीत घट्टसर होतो; मात्र उणे आठ अंशांना तो गोठत नाही. द्रव दाट झाल्याने लिथियमचे आयन त्यातून सावकाश सरकतात, आणि बॅटरीच्या एका ध्रुवावरील ग्राफाइटच्या थरात शिरताना किंवा तेथून निघताना त्यांना अधिक अडथळा होतो. याचा परिणाम म्हणून बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. पंचवीस अंशांना जो रोध असतो तो उणे दहाच्या आसपास तिप्पट झाला, तरी त्यात नवल नाही. पण शहरातल्या बेताच्या वेगाला या वाढलेल्या रोधापायी किती वीज वाया जाते, हे मोजून पाहावे. या आकाराच्या बॅटरीचा रोध पंचवीस अंशांना एक दशांश ओहम धरला आणि तो तिप्पट झाला, तरी गाडी 18 किलोवॉट घेत असताना त्यात पाऊण किलोवॉट खर्च होतो. हे सुमारे चार टक्के झाले. रेंज निम्मी होण्याचे कारण यात सापडत नाही.

मोठा वाटा उष्णतेचा आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच अधिक भाग उष्णता होऊन वाया जातो, आणि त्याच फुकट उष्णतेवर गाडीचा आतला भाग गरम होतो. विजेच्या मोटारीत अशी वाया जाणारी उष्णता फारच थोडी असते, म्हणून माणसांना ऊब देण्यासाठी लागणारे प्रत्येक युनिट बॅटरीतूनच काढावे लागते. अमेरिकेतील एएए या मोटार संघटनेने 2019 साली पाच गाड्यांवर केलेली चाचणी येथे फार बोलकी आहे. सुमारे उणे सात अंशांना, आतील हीटर बंद असताना, रेंज सरासरी 12 टक्के घटली. हीटर चालू केल्यावर ती घट 41 टक्क्यांवर गेली. ज्या घटीला आपण बॅटरीची म्हणतो, तिचा बराच मोठा भाग अशा रीतीने हीटरचा असतो.

आता तुमच्या मुलाच्या 14 किलोमीटरचा हिशेब मांडतो. त्याची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांचे परस्परांशी प्रमाण भरवशाचे आहे. उन्हाळ्यात एवढ्या अंतराला 2.1 युनिट लागत. थंडीत हवा सुमारे एक दशांशाने दाट होते, टायरचे रबर कडक होते आणि त्यातील दाबही उतरतो. म्हणून केवळ चाके फिरवायला 2.4 युनिट लागतील. प्रवास पंचवीस मिनिटांचा धरू. पहिली दहा मिनिटे हीटर पाच किलोवॉटने चालेल, कारण काच, आसने, छप्पर, आतील हवा असे सगळेच थंडगार असते. नंतर तो दोन किलोवॉटवर येईल. हे 1.3 युनिट झाले. बॅटरीला स्वतःचा हीटर असेल आणि तोही चालला, तर आणखी अर्धे युनिट जाईल. शिवाय ब्रेक लावताना मोटार उलट वीज तयार करून बॅटरीला परत देते, ती थंड बॅटरी घेऊ शकत नाही, म्हणून 0.2 युनिट परत मिळायचे राहून जाईल. एकूण 4.4 युनिट झाले, आणि ते शंभर किलोमीटरवर नेले की 31 येतात. मुलाने सांगितलेला आकडा हाच आहे.

आता हीच गाडी त्याच थंडीत, बेताच्या वेगाने, दोन तासांत 140 किलोमीटर चालवली असे समजा. सुरुवातीचा तापवण्याचा खर्च एकदाच होईल, नंतर केबिनला दीड किलोवॉट पुरेल, आणि सगळे मिळून 28 युनिटच्या आसपास लागेल. म्हणजे शंभर किलोमीटरला 20 युनिट, आणि पूर्ण चार्जवर तीनशेच्या वर किलोमीटर. गाडी तीच आणि थंडीही तीच, तरी घट निम्म्याऐवजी चतुर्थांश झाली. छोट्या प्रवासात थंड लोखंड आणि काच तापवण्याचा सगळा भार थोड्याशा किलोमीटरवर पडतो, आणि संध्याकाळी परतताना गाडी पुन्हा थंड झालेली असल्याने तोच भार दुसऱ्यांदा द्यावा लागतो.

बॅटरी खराब आहे का, याचे उत्तरही यातच आहे. जुनी झालेली बॅटरी कमी युनिट साठवते. तिच्यामुळे शंभर किलोमीटरला लागणारे युनिट फारसे वाढत नाहीत. मुलाच्या पडद्यावर वाढलेला आकडा खर्चाचा आहे. साठ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. साठा तपासायचा असेल, तर त्याने गाडी चांगली तापल्यावर एका लांबच्या प्रवासात किती टक्के चार्ज उतरला आणि तेवढ्यात किती युनिट खर्च झाले, हे टिपून ठेवावे. 50 टक्क्यांत तीस-एकतीस युनिट मिळत असतील, तर चिंतेचे कारण नाही. पंचवीसच मिळत असतील, तर गाडी जाणकाराला दाखवावी.

दामोदर, वास्को

अनंतकाका, मी टॅक्सी चालवतो आणि माझाही अनुभव असाच आहे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावला भाडे घेऊन गेलो की गाडीची रेंज एकदम कमी होते, तेथे पहाटे चांगलीच थंडी असते. परत येताना मात्र रेंज बरी मिळते. मग मीही निघताना बॅटरी तापवायला हवी का? माझ्या गाडीत तसे बटण सापडत नाही. पावसाळ्यातही रेंज कमी होते, ती त्याच कारणाने का?

अनंत, साखळी

दामोदर, तुमच्या बाबतीत कारण चढाचे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. माणसे आणि सामान धरून 1700 किलोची गाडी चोर्ला घाटातून तेवढी वर न्यायची, तर रस्त्यावरच्या नेहमीच्या खर्चाशिवाय केवळ उंचीसाठी साडेतीन युनिट लागतात. उतरताना त्यातील बराच भाग ब्रेकमधून परत मिळतो, म्हणून परतीच्या वाटेवर रेंज बरी दिसते. थंडी हे कारण असते, तर परतीच्या सकाळीही रेंज कमीच दिसली असती. बेळगावची पहाट बारा-पंधरा अंशांची असली, तरी बॅटरीला ती थोडीशीच जाणवते, आणि तेवढ्यासाठी ती तापवण्यात काही लाभ नाही. गोव्यात तर बॅटरीला उन्हापासून जपावे लागते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी चाकांनी बाजूला सारण्यात ऊर्जा जाते, आणि काचेवरील बाष्प घालवण्यासाठी एसी सतत चालतो. तुमच्या पावसाळी घटीचे कारण बहुधा तेच आहे.

मेधा, पर्वरी

मी काही वर्षे स्वीडनमध्ये योतेबोरीला राहत होते आणि तेथे विजेची गाडी वापरत होते, म्हणून तापवण्याच्या बाबतीत प्रत्यक्ष दिसलेले सांगते. पहिली गोष्ट अशी की ॲपमध्ये निघण्याची वेळ लावली, म्हणजे बॅटरी तापतेच असे नाही. पुष्कळ गाड्यांत त्या सोयीने फक्त आतील हवा गरम होते, काचेवरील बर्फ वितळतो, आणि बॅटरी जशीच्या तशी गार राहते. आमच्या गाडीचे असेच होते. हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे निघाल्यावर पहिल्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय सोडला की मोटार वीज परत घेताना गाडी किती आवळली जाते ते पाहणे. बॅटरी तापलेली असेल तर नेहमीसारखी ओढ जाणवते. थंड असेल तर गाडी नुसती घरंगळत राहते, आणि काही गाड्यांच्या पडद्यावर बर्फाचे चिन्हही दिसते. गाडीतील बिघाड तपासण्यासाठी जे निदानाचे सॉकेट असते, त्याला छोटे यंत्र लावून बॅटरीचे तापमान थेट वाचता येते, आणि ते सर्वांत खात्रीचे आहे.

दुसरी गोष्ट घरच्या विजेच्या सॉकेटची. घरातल्या साध्या सॉकेटमधून दहा अँपिअरने 2.3 किलोवॉट मिळतात आणि हीटर पाच मागतो. उरलेले बॅटरीतून जातात, म्हणून गाडी जोडलेली असूनही सकाळी दोन-तीन टक्के कमी झालेली दिसत असे. भिंतीवर बसवलेला सात किलोवॉटचा चार्जर घेतल्यावर हे थांबले. शुभदाताई, मुलाची गाडी रात्री कशाला जोडलेली असते, हे आधी विचारा.

शुभदा, फोंडा

अनंतराव आणि मेधाताई, मनापासून आभार. बॅटरी खराब झाली तर साठा घटतो आणि थंडीने खर्च वाढतो, हा फरक मुलाला सांगितल्यावर त्याची काळजी बरीच कमी झाली. त्याच्या इमारतीच्या वाहनतळावर सात किलोवॉटचा चार्जर आहे. पण माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. तापवल्याने पैसे वाचतात का?

अनंत, साखळी

शुभदाताई, छोट्या प्रवासात पैसे वाचत नाहीत, उलट थोडे अधिक जातात. बॅटरीचे वजन 400 किलो धरा. एक किलो बॅटरीला एक अंश तापायला सुमारे एक किलोज्यूल लागतो, म्हणून तिला पंधरा अंश वर आणायला 6000 किलोज्यूल, म्हणजे 1.7 युनिट लागतात. पाच किलोवॉटच्या हीटरला हे काम वीस मिनिटांचे आहे. केबिन तापवायला आणखी युनिटभर धरले, तर निघण्यापूर्वी भिंतीतून पावणेतीन युनिट घेतले गेले. यानंतर 14 किलोमीटरचा प्रवास 4.4 ऐवजी 3.1 युनिटमध्ये होतो. म्हणजे बॅटरीतील सव्वा युनिट वाचवण्यासाठी बाहेरून पावणेतीन युनिट खर्च केले.

मग तापवायचे कशासाठी? एक म्हणजे वाचलेले युनिट गाडीत शिल्लक राहतात, आणि लांब जायचे असेल त्या दिवशी तेच मोलाचे असतात. दुसरे म्हणजे पहिल्या किलोमीटरपासून पूर्ण ताकद आणि पूर्ण परत येणारी वीज मिळते. बर्फाळ उतारावर गाडी नेहमीसारखी आवळली जाणे ही चालकाला मोठी सोय आहे. रोजच्या 14 किलोमीटरसाठी माझे मत असे की फक्त केबिन दहा-पंधरा मिनिटे तापवावी, आसनाचा हीटर वापरावा, आणि बॅटरी तापवणे लांबच्या प्रवासाच्या दिवसांसाठी राखून ठेवावे.

गुरुदास, म्हापसा

अनंतराव, केबिनच्या हीटरचा मुद्दा मला पटला. पण चार्जिंगमुळे बॅटरी तापते हे मी स्वतः पाहिलेले आहे, आणि ती उष्णता तर फुकटच मिळते. जलद चार्जरवरून काढलेली गाडी खालून चांगली गरम लागते. मग चार्जिंग निघण्याच्या वेळी संपवण्यात चूक काय?

अनंत, साखळी

गुरुदासराव, त्यात चूक काहीच नाही, आणि तसे करावेच. फक्त त्यातून किती मिळते हे पाहावे. जलद चार्जरवर शंभर किलोवॉट आत जात असतात, त्यामुळे भरपूर उष्णता निर्माण होते. घरच्या सात किलोवॉटला बॅटरीत जाणारा प्रवाह वीस अँपिअरच्या आत असतो, आणि रोध तिप्पट धरला तरी त्यातून शंभर-सव्वाशे वॉटच उष्णता मिळते. पाच तास चार्जिंग चालले तर बॅटरी फार तर पाच अंश वर जाईल, आणि उणे आठच्या हवेत त्यातीलही काही भाग निघून जाईल. मात्र काही गाड्या थंडीत चार्ज घेण्यापूर्वी स्वतःच हीटर लावून बॅटरी तापवतात. अशा गाडीत तुमची युक्ती चांगली लागू पडते, कारण त्या हीटरची ऊब निघण्याच्या वेळेपर्यंत टिकते.

मेधा, पर्वरी

बॅटरी तापवण्याचा खरा उपयोग मला जलद चार्जरवरच दिसला. हिवाळ्यात आम्ही कधीकधी ऑस्लोला जात असू. सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता असल्याने मध्ये एकदा थांबावे लागे. बॅटरी गार असताना चार्जरला पोहोचलो, तर शंभरहून अधिक किलोवॉट देणाऱ्या यंत्रावरही गाडी तीस-पस्तीसच घेई आणि चाळीस युनिट भरायला तासाहून अधिक वेळ जाई. नंतर आम्ही दुसरी गाडी घेतली. तिच्या नकाशात चार्जर हे मुक्कामाचे ठिकाण म्हणून टाकले की अर्धा तास आधीपासून बॅटरी आपोआप तापू लागे, आणि तेवढीच युनिट साधारण अर्ध्या तासात भरली जात. यात दीड-दोन युनिट खर्च होतात, पण थंडीत उभे राहण्याचा अर्धा-पाऊण तास वाचतो. चार्जरचे ठिकाण आपल्याला पाठ असले, तरी ते नकाशात टाकावेच लागते, हे बरेच जण विसरतात.

अनंत, साखळी

मेधाताईंनी सांगितले त्यामागे बॅटरी सांभाळण्याचे कारण आहे. शून्याखाली जोराने चार्ज केले, तर आयनांना ग्राफाइटच्या आत शिरायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि लिथियम पृष्ठभागावर धातू होऊन साचते. तसे साचलेले लिथियम सगळे परत कामात येत नाही, आणि क्षमता कायमची घटते. म्हणून गाडीतील नियंत्रक स्वतःच प्रवाह कमी करतो. चार्जिंग मंद असण्याबद्दल अनेक लोक चार्जरला दोष देतात, पण त्या वेळी बॅटरीचे तापमान पाहिले तर कारण लगेच कळते.

शुभदा, फोंडा

आज मुलाशी बोलले. त्याने एका सकाळी फक्त केबिन तापवून पाहिली, तर कार्यालयापर्यंतचा आकडा 31 वरून 25 वर आला. बॅटरी तापवण्यासाठी वेगळी सूचना त्याच्या ॲपमध्ये नाही, आणि नकाशात चार्जर टाकूनही पडद्यावर काही उमटले नाही. पहिल्या उतारावर गाडी घरंगळतच राहते. विक्रेत्याने मात्र बॅटरीला हीटर आहे असे सांगितले होते. रात्री उणे आठमध्ये उघड्यावर राहिल्याने बॅटरीचे आयुष्य कमी होईल का, असेही तो विचारतो.

अनंत, साखळी

नुसते थंडीत उभे राहिल्याने बॅटरीचे आयुष्य कमी होत नाही. आतील झीज घडवणाऱ्या क्रिया थंडीत मंदावतात. हानी होते ती थंड असताना जोराने चार्ज केल्याने, आणि त्यावर नियंत्रकाचे लक्ष असते. 25 हा आकडा केवळ केबिन तापवल्यावर यायला हवा तेवढाच आहे.

हीटरच्या बाबतीत एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळे प्रकार असतात. काहींत बॅटरीचा हीटर आणि हीट पंप बसवलेला असतो, तर काहींत तो पर्याय पहिल्या मालकाने घेतलेलाच नसतो. शिवाय हीटर असूनही तो केवळ चार्जिंग चालू असतानाच लागतो, अशीही रचना आढळते. मुलाने गाडीचा चासी क्रमांक देऊन सेवा केंद्रात मूळ जोडण्यांची यादी मागावी.

मेधा, पर्वरी

यादी मिळेपर्यंत एक करून पाहता येईल. निदानाच्या सॉकेटचे यंत्र लावून सकाळी चार्जिंग चालू करण्यापूर्वीचे आणि वीस मिनिटांनंतरचे बॅटरीचे तापमान वाचावे. ते पाच-सात अंशांनी चढले असेल, तर हीटर आहे आणि चार्जिंगसोबत लागतो. एखादाच अंश चढला, तर हीटर नाही किंवा चालत नाही, आणि तेव्हा विक्रेत्याकडे विचारणा करायला हातात आकडा असेल.

गुरुदास, म्हापसा

शुभदाताई, पहिला प्रकार निघाला तर चार्जिंग निघण्याच्या वेळी संपेल असे लावायला सांगा. आकडे मिळाले की येथे अवश्य लिहा.